निवृत्तीनंतर एसडब्ल्यूपी कुठल्या फंडावर लावावी?

समजा, कुंडईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फोंड्याचे एक जोडपे आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 50 लाख हाती आले. आधी खर्चाचा आकडा काढा, तोही पूर्ण वर्षाचा. पावसाआधीची कौलांची डागडुजी, चवथीचा खर्च, विम्याचा हप्ता हे महिन्याच्या हिशेबात सुटून जाते. त्यातून पेन्शन वजा करून वर्षाला 3 लाख कमी पडतात असे धरू.

आता सोपी वाटणारी वाट म्हणजे सगळे पैसे इक्विटी फंडात टाकायचे आणि त्यावरच महिन्याला 25 हजारांची एसडब्ल्यूपी, म्हणजे फंडातून ठराविक रक्कम आपोआप काढण्याची सोय, लावायची. ठरल्या तारखेला युनिट विकले जातात, पैसे खात्यात येतात. एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 100 असताना 250 युनिट जातात, 70 झाली की 357. हे जादा विकलेले युनिट बाजार सावरला तरी परत येत नाहीत.

तीन वर्षांचा परतावा उणे 30, मग 10, मग 30 टक्के आला असे धरा. काहीच काढले नाही तर क्रम कसाही असो, 50 लाखांचे 50.05 लाखच होतात. पण दर वर्षाच्या सुरुवातीला 3 लाख काढले, तर पडझड आधी आल्यास 38.86 लाख उरतात आणि शेवटी आल्यास 42.64 लाख. खर्च तोच, परतावेही तेच. फरक पावणेचार लाखांचा.

म्हणून तीन वर्षांचे 9 लाख वेगळे काढा, बाकीचे 41 लाख इक्विटी फंडातच राहू द्या. त्यातले पहिल्या वर्षाचे लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि पैसे लगेच काढता येणाऱ्या फंडात, आणि पुढच्या दोन वर्षांचे एफडीत. एसडब्ल्यूपी लिक्विड फंडावर लावा, आणि एफडी मुदत संपेल तशी त्याच फंडात वळवा. तीनच वर्षे का? 2007 अखेर सेन्सेक्स 20 हजारांच्या वर होता, 2008 अखेर 10 हजारांच्याही खाली आला आणि जुन्या पातळीला पोचायला 2010 साल संपत आले. याहून लांब मंदीही येऊ शकते. घाबरट स्वभावाच्या माणसाने पाच वर्षांचे ठेवावेत, मला त्यात काही गैर दिसत नाही.

वरच्या वाईट क्रमात उरलेल्या 41 लाखांना हात लावला नाही, तर तीन वर्षांनी ते 41.04 लाख असतात, म्हणजे दोन लाखांहून जास्त वाचले. चांगल्या क्रमात मात्र याच पद्धतीने दीडेक लाख कमी मिळतात. हा विम्याचा हप्ताच समजा.

दर एप्रिलला एकदा बघा. इक्विटी 41 लाखांच्या वर असेल तर वरचे विकून राखीव रक्कम पुन्हा 9 लाखांपर्यंत भरा. खाली असेल तर विकू नका आणि त्या वर्षी महागाईपोटी रक्कम वाढवू नका. मात्र 50 लाखांवर 3 लाख म्हणजे 6 टक्के. पुढची 25-30 वर्षे काढायची असतील तर हा दर जड आहे, 4 टक्क्यांच्या आसपास राहिलेले बरे. कमी पडणारी रक्कम भागवायला घराची एखादी खोली भाड्याने देणे, हे बाजारातून जास्त काढण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.