काशीयात्रा आणि लग्नाची पंगत: निघण्यापूर्वीची आहारतयारी

सामान बांधण्याआधी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या शेवटच्या तपासणीचा, कागद काढून त्यातले दोन आकडे पाहावेत: एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी. ताटातले पदार्थ बदलता येणार नसतील तर कोणते वगळायचे एवढेच आपल्या हाती उरते, आणि ते या दोन आकड्यांपैकी कोणता वाढलेला आहे त्यावर ठरते. एलडीएल प्रामुख्याने तूप, लोणी, साय, खोबरे आणि वनस्पती तुपाने वाढते, तर ट्रायग्लिसराइड साखर, मैदा, साबुदाणा, भरपूर पांढरा भात आणि मद्य यांनी. सरसकट ‘तेलकट नको’ असे ठरवणारा माणूस भजी टाळतो आणि जिलेबी निःशंकपणे खातो. ट्रायग्लिसराइड वाढलेल्याने असे करणे मला अधिक चिंतेचे वाटते.

उदाहरणासाठी मुंबईहून काशीला निघालेले एक जोडपे घेऊ. पत्नीचे एलडीएल १६५ आहे आणि पतीचे ट्रायग्लिसराइड ३८०. परतल्यावर लगेच घरात भाचीचे लग्न आहे.

गाडीत एक दिवसाहून अधिक वेळ जातो, म्हणून किमान तीन वेळचे जेवण घरून न्यावे. मेथीच्या दशम्या तुपाऐवजी तेल लावून भाजाव्यात आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात, कारण वाफ कोंडली की त्या दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, फुटाणे, न चिरलेल्या काकड्या आणि पेरू घ्यावेत. शेंगदाण्यातली चरबी बहुतांशी असंतृप्त, म्हणजे एलडीएल न वाढवणारी, असल्याने मूठभर दाणे दोघांनाही चालतात. तुपातले लाडू आणि शंकरपाळे मात्र घरीच ठेवावेत, कारण त्यांत चरबी आणि साखर दोन्ही असल्याने ते दोघांनाही वर्ज्य आहेत आणि पिशवीत असले की खाल्ले जातातच. पतीने फलाटावरचा गोड चहा दर स्थानकावर घेऊ नये. बिनसाखरेचा मिळत नसेल तर दिवसातून एकच घ्यावा. गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात आणि परतीला उशीर होईल हे धरून चार दिवसांच्या जास्त घ्याव्यात.

काशीत सकाळी कचोरी-भाजी आणि जिलेबी, तर संध्याकाळी रबडी आणि मलईची लस्सी समोर येते. कचोरीसोबतची भाजी दोघांनीही खावी आणि कचोरी एकच घ्यावी. रबडी पत्नीने पूर्ण सोडावी, जिलेबी पतीने. प्रसाद नाकारायचा नसतो, परंतु तो चिमूटभरच घ्यावा आणि उरलेला सोबत्यांना वाटावा. सोमवारचा उपवास असेल तर पतीने साबुदाण्याची खिचडी घेऊ नये, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याने ताक, दाणे, काकडी आणि उकडलेल्या रताळ्याचा छोटा तुकडा यांवर दिवस काढावा. पत्नी रोज इसबगोल घेत असेल तर एक मोठा चमचा पेलाभर पाण्यातून घ्यावा, औषधापासून दोन तास लांब ठेवून. सवय नसेल तर प्रवासात मुळीच सुरू करू नये.

लग्नाच्या पंगतीत खरी कसोटी तुपाची असते. एका चहाच्या चमच्यात सुमारे पाच ग्रॅम तूप मावते आणि त्यात जवळपास तीन ग्रॅम संतृप्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, चरबी असते. एलडीएल वाढलेल्याने दिवसभरात अशी चरबी साधारण १२ ग्रॅमच्या आत ठेवावी लागते, आणि वाढप्याची एक पळी दोन-तीन चमच्यांची असते. त्यामुळे वरणभातावर एक पळी आणि मसालेभातावर दुसरी पडली की दिवसाचा हिशेब तिथेच पूर्ण होतो. पत्नीने वाढपी पुढे येण्याआधीच पानावर हात आडवा धरावा, आणि तूप घ्यायचेच असेल तर वरणभातावर एक चमचा मागून घ्यावे. श्रीखंडात स्निग्ध चक्का आणि साखर दोन्ही असल्याने ते दोघांनीही चाखण्यापुरतेच घ्यावे. पतीने पानावरच्या भाताच्या दोन्ही मुदी अर्ध्या कराव्यात आणि वरण, अळूची भाजी, कोशिंबीर आणि मठ्ठा यांवर भर द्यावा. मठ्ठ्यात साखर आहे का हे विचारून घ्यावे. यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोन करून ‘आमच्या पानाला तूप आणि गोड कमी’ एवढे सांगितले तर आग्रहाची वेळ फारशी येत नाही.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर मात्र जेवणावळीबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण अशा स्थितीत स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नये, तडक रुग्णालयात जावे. रक्ततपासणीही पंगतीच्या दुसऱ्या दिवशी करू नये. नेहमीच्या घरच्या जेवणावर दोन-तीन आठवडे गेल्यानंतर केलेल्या तपासणीतूनच औषध पुरेसे आहे की नाही हे कळते.