अभंगाची पुस्तिका तपासताना अक्षरं मोजा

आषाढीआधी सोलापुरातल्या भजनी मंडळांच्या पुस्तिका छापायला जातात तेव्हा प्रूफ बघायची घाई असते. अभंग पाठ असला की डोळा चूक वाचतच नाही, म्हणून आधी बोटांवर अक्षरं मोजा.

१. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात: ६, ६, ६ आणि ४ अक्षरं. जोडाक्षर एकच धरा, अनुस्वार मोजू नका.

२. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ हे बरोबर भरतं. टंकलेखनात ‘ठेवोनिया’चं ‘ठेवुनी’ झालं, तर शेवटी तीनच अक्षरं उरतात आणि चूक लगेच सापडते.

३. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक पाहा (विटेवरी, कटावरी). ते जुळत नसेल तर ओळ बहुधा भलतीकडे तुटली आहे.

४. ‘॥ध्रु॥’ शेवटी तपासा. गाथेत ते बहुतेकदा दुसऱ्या कडव्याला असतं, मंडळं मात्र अनेकदा पहिलीच ओळ धरतात. म्हणणाऱ्यांना विचारून पुस्तिकाभर एकच पद्धत ठेवा.

‘कटावरी’चं ‘कटीवरी’ झालं तर मोजणीत आणि यमकातही निसटतं. शिवाय जुन्या अभंगांत एखादं अक्षर कमीजास्त असतंच, त्यामुळे गाथा उघडल्याशिवाय शब्द बदलू नका.