व्हॅल्यू प्रपोझिशन लिहिताना आणि स्पर्धकांशी ताडून पाहताना या चुका टाळा

नव्या उत्पादनाचं व्हॅल्यू प्रपोझिशन, म्हणजे ग्राहकाने ते का घ्यावं हे सांगणारं वाक्य, लिहा आणि ते स्पर्धकांच्या ऑफरशी ताडून पाहा, अशी असाइनमेंट मिळाली की बहुतेक गट पहिल्या अर्ध्या भागावर सगळा वेळ घालवतात. वाक्य चार वेळा घासूनपुसून गुळगुळीत केलं जातं आणि तुलनेचा तक्ता शेवटच्या संध्याकाळी भरला जातो. गुण तिथेच जातात. ‘आमचं उत्पादन चांगलं आहे’ एवढं सांगून हे वाक्य पुरं होत नाही. ‘ते नसतं तर ग्राहकाने जे वापरलं असतं, त्यापेक्षा चांगलं का’ हे त्यातून कळायला हवं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. उत्पादन आहे सायकलचा मागचा दिवा. तो सीटखाली स्क्रूने कायमचा बसतो, अंधार आणि हालचाल या दोन्ही गोष्टी जाणवल्या की आपोआप पेटतो आणि एका चार्जमध्ये ४० तास चालतो. गटाचा पहिला मसुदा साधारण असा येतो: ‘सायकलस्वारांसाठी अत्याधुनिक, टिकाऊ स्मार्ट दिवा, जो प्रत्येक प्रवास सुरक्षित करतो.’

पहिली चूक: कोणालाही लागू पडणारं वाक्य

तपासायची रीत सोपी आहे. आपल्या उत्पादनाच्या जागी स्पर्धकाचं नाव घाला आणि वाक्य मोठ्याने वाचा. ते तसंच्या तसं खरं वाटलं, तर त्यात तुमचं असं काहीच नाही. वरच्या वाक्यात बाजारातला कुठलाही दिवा चपखल बसतो.

इथे बरेच जण विशेषणं बदलत बसतात. खरी गडबड ‘सायकलस्वारांसाठी’ या शब्दात आहे. सुटीच्या दिवशी सकाळी लांब जाणारा आणि रोज रात्री कामावरून परतणारा, या दोघांच्या अडचणी वेगळ्या. रोज परतणाऱ्याला दिवसभर सायकल उघड्यावर लावावी लागते. क्लिपचा दिवा चोरीला जाऊ नये म्हणून तो काढून बॅगेत टाकतो आणि संध्याकाळी लावायला विसरतो, किंवा दिवा घरीच राहिलेला असतो. अडचण इतकी जवळून दिसली की ‘स्मार्ट’ हा शब्द आपोआप गळून पडतो. त्या माणसाला हुशार दिवा नको आहे, त्याला दिव्याची आठवण ठेवायची कटकट नको आहे.

दुसरी चूक: सोयीचा स्पर्धक निवडणं

आपल्यासारखाच पण जरा कमी दर्जाचा एखादा दिवा शोधायचा आणि त्याच्याशी तुलना करून जिंकायचं, हा मोह सगळ्यांना होतो. त्याने काहीच सिद्ध होत नाही. किमान तीन पर्याय घ्या: ग्राहक आज वापरतो ती वस्तू, तीच अडचण पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने सोडवणारी वस्तू, आणि ‘काहीच नवं न घेणं’. आपल्या उदाहरणात हे पर्याय म्हणजे क्लिपचा चार्जिंगचा दिवा, डायनॅमोवर चालणारा दिवा आणि नुसता लाल रिफ्लेक्टर.

हे केल्यावर वाक्य कसं बदलतं ते पाहा. समजा, दुसऱ्या मसुद्यात गटाने लिहिलं: ‘कधीही दगा न देणारा दिवा.’ क्लिपच्या दिव्यासमोर हा दावा टिकतो. पण चाकाच्या हबमधल्या डायनॅमोला चार्जिंगच लागत नाही. चाक फिरतं आहे तोवर वीज तयार होते. म्हणजे ‘दगा न देणं’ यात आपण डायनॅमोच्या मागे आहोत. आता डायनॅमो कुठे कमी पडतो ते शोधायचं. मागच्या दिव्यापर्यंत वायर ओढावी लागते, आणि हबचा डायनॅमो बसवायचा तर चाकच बदलावं किंवा नव्याने बांधून घ्यावं लागतं. रिफ्लेक्टरला यातलं काहीच लागत नाही, पण त्याच्यावर प्रकाश पडला तरच तो चमकतो.

या तिघांसमोर टिकणारं वाक्य असं होतं:

‘रोज अंधारात सायकलने परतणाऱ्या आणि सायकल दिवसभर उघड्यावर लावणाऱ्यांसाठी हा सीटखाली कायमचा बसणारा, आपोआप पेटणारा मागचा दिवा आहे. क्लिपच्या दिव्यासारखा तो रोज काढावा-लावावा लागत नाही आणि डायनॅमोसारखी वायर ओढावी लागत नाही.’

तिसरी चूक: सगळीकडे बरोबरच्या खुणा

तक्त्यात आपल्या रकान्यात सगळ्या बरोबरच्या खुणा आणि स्पर्धकांच्या रकान्यात फुल्या दिसल्या, की तपासणाऱ्याला लगेच कळतं: ओळी आपल्या उत्पादनाची वैशिष्ट्यं पाहून निवडल्या आहेत. ओळी आधी ठरवा, त्याही ग्राहकाच्या भाषेत: ‘मला काय लक्षात ठेवावं लागतं’, ‘बसवायला काय करावं लागतं’, ‘बंद पडला तर काय’, ‘एकूण खर्च किती’. पाच-सहा ओळी पुरतात. किमतीची ओळ गाळू नका. ती गाळली तर महागड्या प्रत्येक वस्तूचाच विजय होतो.

खुणेऐवजी आकडा किंवा छोटं वाक्य लिहा, आणि आकडा कुठून आला तेही दाखवा. दिवसाला अर्धा तास अंधारात, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे आठवड्याला अडीच तास. ४० तासांना अडीचने भागलं की १६ आठवडे. पण सेन्सर उभ्या सायकलवरही थोडी वीज खातो, म्हणून ‘साधारण ३ महिने’ असं हात राखून लिहिणं योग्य.

एका तरी ओळीत आपण हरलो पाहिजे. आपल्या दिव्यात ती ओळ चार्जिंगची आहे. दिवा स्क्रूने पक्का बसवलेला, म्हणजे केबल किंवा पॉवर बँक सायकलपाशी न्यावी लागणार. क्लिपचा दिवा टेबलावर चार्ज होतो. हे लपवू नका. तीन महिन्यांतून एकदाच करावं लागतं म्हणून ग्राहक ते चालवून घेईल, हा तुमचा अंदाज आहे आणि चाचणीत तपासायची मुख्य गोष्टही हीच आहे.

चौथी चूक: ‘कसं वाटलं?’ असं विचारणं

मित्रांना वाक्य दाखवलं की ते ‘छान आहे’ म्हणतात. त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी तीन कार्डं करा: आपला दिवा, क्लिपचा दिवा, डायनॅमो. नावं काढून टाका, प्रत्येकावर साधारण तीसच शब्द ठेवा, अक्षराचा आकार तोच आणि तिन्हींवर किंमत. स्पर्धकांची कार्डं त्यांच्या वेष्टनावर ते स्वतः जे सांगतात त्यावरून लिहा, आपल्या मनाने फिकी करू नका. आपल्या कार्डावरून ‘क्लिपसारखं नाही, डायनॅमोसारखं नाही’ हा भाग काढा, नाहीतर फक्त आपणच दुसऱ्यांवर टीका करतो आहोत असं होतं. त्याऐवजी ‘रोज काढावा लागत नाही, वायर नाही’ एवढंच ठेवा.

तीन कार्डं सहा वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात. १२ जण घेतले तर प्रत्येक क्रम दोघांच्या वाट्याला येतो, म्हणजे पहिल्या कार्डाला मिळणारा फायदा सगळ्यांत वाटला जातो. माणसं मात्र खरोखर अंधारात सायकल चालवणारी हवीत. आधी विचारा, ‘यातला कोणता घ्याल आणि का?’ मग कार्डं पालथी घाला आणि निवडलेल्या कार्डावर काय होतं ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या.

निवडीच्या आकड्यापेक्षा कारणं बारकाईने वाचा. कोणी आपलं कार्ड निवडलं पण कारण ‘दिसायला बरा वाटेल’ असं दिलं, तर ते मत वाक्याच्या खात्यात जमा करू नका. बरेच जण ‘आपोआप पेटतो’ एवढंच आठवत असतील, तर ‘काढावा लागत नाही’ हा भाग मागे दबला आहे, तो पुढे आणा. आणि ‘मग चार्ज कुठे करायचा?’ असं तिघाचौघांनी विचारलं, तर शब्द बदलून भागणार नाही. बॅटरी काढता येईल असा दिवा करायचा का, हा प्रश्न अहवालात उत्पादनातल्या बदलाची सूचना म्हणून वेगळा मांडा.

अहवालात ‘१२ पैकी ७ जणांनी’ असंच लिहा. ‘५८ टक्के ग्राहक’ असं लिहिलं की बारा माणसांवरून सगळ्या बाजाराचा दावा होतो. कार्ड निवडणं म्हणजे पैसे मोजणं नव्हे, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या, आणि पहिला मसुदा, दुसरा मसुदा व बदलाचं कारण शेजारी-शेजारी लावा.