दाण्याच्या कुटाच्या घरात शेंगदाण्याची ॲलर्जी: स्वयंपाकघर कसं सांभाळावं

आमच्या बेळगावच्या घरात शेंगाचटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. त्याच घरात धाकट्या जावेच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. सासूबाईंनी विचारलं, "भाजून घातले तर चालतील ना?" नाही चालत. भाजून किंवा उकळून त्यातलं त्रास देणारं प्रथिन जात नाही.

त्याचं ताट, वाटी, भाजी सगळं वेगळं केलं. तरी एका संध्याकाळी नुसती खोबऱ्याची चटणी खाऊन त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. मिक्सरचं भांडं धुतलेलं होतं. पण पातं उघडून पाहिलं, तर रबरी रिंगखाली सकाळचा कूट चिकटून बसला होता.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. त्याच्यासाठी एक छोटं भांडं झाकणासकट वेगळं घ्या आणि त्याला लाल चिकटपट्टी लावा. खलबत्ता, पोळपाट-लाटणं आणि लाकडी उलथनंही वेगळं लागेल, कारण दगडाच्या नि लाकडाच्या छिद्रांतलं घासून निघेलच असं नाही. स्टीलचं भांडं मात्र साबणाने नीट घासलं तर चालतं. घासणी तेवढी वेगळी ठेवा.

मग क्रम बदला. आधी त्याचा स्वयंपाक करून झाकून वरच्या फळीवर ठेवायचा आणि कूट त्यानंतर करायचा. झाकण उघडताना कूट उडतो आणि शेजारच्या उघड्या पातेल्यात पडतो. त्यानंतर ओटा साबणाच्या फडक्याने पुसा आणि ते फडकं लगेच धुवा. हातही साबणानेच धुवायचे. सॅनिटायझरने किंवा नुसत्या पाण्याने प्रथिन निघत नाही, आणि पदराला हात पुसले तर ते पदरावर जातं.

तेलात आमची फसगत व्हायची होती. घाण्याच्या शेंगतेलात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून त्याची फोडणी आम्ही सूर्यफुलाच्या तेलात करतो. आदल्या दिवशीचं तळणाचं तेल तर अजिबात नको.

दुधाची ॲलर्जी असेल तर हीच शिस्त, फक्त लपायच्या जागा वेगळ्या: दूध घालून मळलेली कणीक, तव्यावरचं तूप, ताक ढवळलेला डाव. तुपातही दुधाचं प्रथिन उरू शकतं. दूध न पचणं हा वेगळा प्रकार. तिथे अंशाने सहसा बिघडत नाही.

लग्नाच्या पंगतीत "शेंगदाणे आहेत का" विचारलं तर वाढपी नाही म्हणतो. "कूट घातलाय का?" विचारा, आणि डाव एकच फिरतोय का तेही बघा.

ओठ सुजून श्वास लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघू नका. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते मांडीत आधी द्या, मग 108 ला फोन करा. त्याला उठवून चालवू नका. आमच्याकडे ते फ्रीजबाहेर, मिठाच्या बरणीमागच्या खिळ्याला पिशवीत टांगलेलं असतं, चुलीपासून लांब.