आत्याच्या हातातून निघालेलं घड्याळ माझ्या खिशातून एमआरआयच्या खोलीत गेलं: या चुका टाळा

माझी आत्या निपाणीकडच्या एका खेड्यात राहते. ती एकदा अंगणात घसरून पडली, तेव्हा पुण्याच्या मुलानं तिला स्मार्टवॉच आणून दिलं. पडली तर त्याच्या फोनवर निरोप जावा म्हणून. त्या घड्याळाचा पट्टा जाळीचा होता, बक्कल नाही, टोकाला लोहचुंबक. पट्टा वळवून टेकवला की आपोआप चिकटतो. म्हाताऱ्या बोटांना सोपं पडतं म्हणून तोच निवडलेला.

गेल्या वर्षी कंबरेच्या एमआरआयसाठी तिला मी बेळगावला घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "अज्जी, वॉच तेगीरी." आत्यानं लगेच घड्याळ काढलं, मंगळसूत्र आणि जोडवीही काढली. दागिने माझ्या बायकोनं रुमालात बांधले. घड्याळ मी घेतलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं. इथंच चूक झाली, आणि आमच्यापैकी कुणाच्याच ती ध्यानात आली नाही.

आत्याला एकटीनं टेबलावर चढता येईना. "बाळा, तूच ये रे आत, मला भ्या वाटालंय," ती म्हणाली. तंत्रज्ञानं विचारलं, "तुमच्याकडं मोबाईल, किल्ली काही नाही ना?" मी पँटचे दोन्ही खिसे चाचपले, मोबाईल आणि गाडीची किल्ली बायकोकडं दिली आणि "नाही" म्हणालो. घड्याळ माझं नव्हतंच, त्यामुळं ते आठवलंच नाही.

दारातून आत गेलो तेव्हा काहीसुद्धा जाणवलं नाही. टेबलाच्या पायथ्याशी उभा होतो तेव्हाही नाही. आत्याच्या डोक्याखाली उशी सरकवायला मी यंत्राच्या तोंडाकडं वाकलो, आणि माझ्या शर्टाचा खिसा उठून आडवा झाला. कापड ताणून आतली वस्तू कुणीतरी बोळक्याकडं ओढत होतं. मी गडबडीनं खिशात हात घालणार, एवढ्यात त्या मुलानं आपला तळवा माझ्या छातीवर दाबून धरला. "सर, घड्याळ बाहेर काढू नका. तसंच मागं या." तो मला उलट्या पावलांनी दारापर्यंत घेऊन गेला. खिशातून बाहेर आलं असतं तर ते घड्याळ आत्याच्या डोक्यावरून यंत्रात गेलं असतं.

चूक कुठं होते

घड्याळ काढायचं असतं हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पेशंट ते काढतोही. पण काढलेलं घड्याळ कुणाकडं जातं आणि तो माणूस पुढं कुठं जातो, याकडं लक्ष राहत नाही. आपल्याकडं पेशंटबरोबर दोन-तीन माणसं असतात. म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल, तर त्यातलं एक आत बोलावलं जातं. आणि जो सगळ्यात जवळचा असतो, त्याच्याच हातात वस्तू दिलेल्या असतात.

2025 च्या जुलैत अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ, एक गृहस्थ एमआरआय झालेल्या आपल्या बायकोला उठवायला खोलीत गेले. त्यांच्या गळ्यात व्यायामाची जड साखळी होती, सुमारे 9 किलोची. यंत्रानं त्यांना ओढलं आणि त्यात ते गेले. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा नातेवाईक असाच दगावला. घड्याळ म्हणजे सिलिंडर नव्हे, हे खरं. पण दोन्हीकडं आत गेलेला माणूस पेशंट नव्हता, सोबतीला आलेला होता.

म्हणून घरूनच ठरवून निघा: आत कोण जाणार आणि वस्तू कोण सांभाळणार. ही दोन माणसं वेगळी हवीत. वस्तू सांभाळणाऱ्यानं एमआरआयच्या दारापाशीही यायचं नाही. आणि आत जाणाऱ्यानं स्वतः पेशंट असल्यासारखी झडती द्यायची: मनगट, शर्टाचा खिसा, पँटचे चारही खिसे, कमरेचा पट्टा, करदोटा, गळ्यातला ताईत. बाईमाणूस असेल तर केसांतल्या पिना आणि परकराला टोचलेली सेफ्टी पिनसुद्धा.

"यंत्र अजून सुरू नाही" हा गैरसमज

एमआरआयचा धडधड आवाज आपण ऐकतो आणि तो थांबला की यंत्र बंद झालं असं समजतो. तो आवाज चित्र घेणाऱ्या गुंडाळ्यांचा असतो. मोठं लोहचुंबक कधीच बंद होत नाही. बहुतेक यंत्रांत ते द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंशांच्या आसपास थंड ठेवलेलं असतं, आणि दिवसरात्र, जेवणाच्या सुट्टीत, रविवारीसुद्धा तेवढ्याच ताकदीचं असतं. दवाखान्यांत बहुधा 1.5 किंवा 3 टेस्लाची यंत्रं दिसतात. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त.

मला दारात काही जाणवलं नाही, त्याचंही कारण आहे. आजच्या यंत्रांत चुंबकत्व खोलीबाहेर पसरू नये म्हणून त्याला आवर घातलेला असतो. त्यामुळं लांबवर ते फार कमी असतं आणि बोळक्याजवळ अगदी थोड्या अंतरात एकदम वाढतं. वस्तूवरची ओढ जवळ जाताना हळूहळू वाढत नाही, शेवटच्या हातभर अंतरात ती झडप घालते. "ओढायला लागलं तर बघू" असा विचार केलात, तर बघायला वेळच मिळत नाही.

घड्याळ बंद केलं, एअरप्लेन मोडवर टाकलं, तरी काही फरक पडत नाही. ओढ बसते ती आतल्या लोखंडाला आणि लोहचुंबकांना. थरथरणाऱ्या छोट्या मोटरमध्ये चुंबक असतं, स्पीकरमध्ये असतं, चार्जरला नीट चिकटावं म्हणून पुष्कळ घड्याळांच्या पाठीतही असतं. पट्टा रबरी असला तरी हे सगळं आत आहेच.

घड्याळ चुकून हातातच राहिलं आणि पेशंट बोळक्यात गेला, तर ओढीशिवाय दुसराही धोका असतो. चित्र घेताना यंत्र रेडिओ लहरी सोडतं. त्यांच्यामुळं धातूच्या पट्ट्यात, विशेषतः मनगटाभोवती पूर्ण कडं झालेल्या पट्ट्यात, वीज खेळते आणि कातडी भाजू शकते. सोनं लोहचुंबकाला ओढलं जात नाही, पण बांगडी याच कारणासाठी काढायला लावतात. "सोनं आहे, काही होत नाही" म्हणून हुज्जत घालू नका.

आत असताना घड्याळ आठवलं तर

पेशंटच्या हातात रबरी फुगा दिलेला असतो. तो दाबायचा आणि पडून राहायचं. आत पडल्या पडल्या घड्याळ काढायला जाऊ नका. निसटलं तर तोंडाजवळच निसटेल. मनगटाला ऊब किंवा चटका जाणवला तरी हेच करायचं, "सहन करू थोडं" म्हणायचं नाही. तंत्रज्ञ टेबल बाहेर घेतो आणि घड्याळ कसं न्यायचं ते त्याला माहीत असतं. सोबतच्या माणसाला आठवलं तर त्यानं जागच्या जागी थांबून वस्तू मुठीत किंवा कपड्यावरून दाबून धरायची आणि मोठ्यानं सांगायचं. लाज वाटायचं कारण नाही.

आपल्या भागातली आणखी एक अडचण आहे. दारावरची पाटी आणि सही करायचा कागद बहुधा कन्नड नि इंग्रजीत असतो. जुन्या मराठी शाळेत शिकलेली माणसं तो न वाचताच अंगठा किंवा सही करतात. तो कागद वाचून दाखवायला सांगा, तंत्रज्ञ मुलं बहुतेक दोन्ही भाषा बोलतात. त्यात पेसमेकर, हाडात बसवलेल्या पट्ट्या, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, असे प्रश्न असतात. वेल्डिंगचं काम केलेल्या माणसाला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आणि "स्कॅनिंग" सांगितलं असेल तर कुठलं ते विचारून घ्या. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात, लोहचुंबक नसतं. तिथं घड्याळ ओढलं जात नाही, फक्त चित्र बिघडवतं.

विमानतळावरची सवय इथं चालत नाही

सांब्र्याच्या विमानतळावर किंवा अधिवेशनाच्या दिवसांत सुवर्णविधानसौधात जाताना जी चौकट लागते, तिचं चुंबकत्व अगदी दुबळं असतं. ती फक्त धातू आहे का ते ओळखते. घड्याळ तिच्यातून गेलं किंवा ट्रेमधून क्ष-किरणांच्या यंत्रात गेलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. तिथं बिघडतं ते इतकंच, की चौकट वाजते, परत फिरावं लागतं, नाहीतर गडबडीत घड्याळ ट्रेमध्येच राहतं. ट्रेमध्ये सुटं ठेवण्यापेक्षा रांगेत असतानाच ते बॅगेच्या चेनच्या कप्प्यात टाका. पेसमेकर असेल तर आधी जवानाला सांगा, कार्ड दाखवा आणि हातानं झडती घ्यायला सांगा.

पण विमानतळावर एक सवय लागते: काही राहिलं असेल तर यंत्र वाजेल आणि कुणीतरी अडवेल. काही दवाखान्यांत दारापाशी धातू ओळखणारं यंत्र असतं, पुष्कळ ठिकाणी नसतं. माझ्या वेळी नव्हतं. तिथं मला विचारलं गेलं आणि माझ्या "नाही"वर विश्वास ठेवला गेला.

घड्याळ आत जाऊन आलं असेल तर

आत्याचं घड्याळ बाहेरून धडधाकट दिसत होतं. पावलं मोजत होतं, नाडी दाखवत होतं, कारण नाडी प्रकाशानं मोजली जाते. बिघडलं होतं ते होकायंत्र. आम्ही ते असं तपासलं. आधी चुंबकाचा पट्टा काढला, कारण तो जवळ असला तर होकायंत्र तसंही चुकतं. मग गाडीपासून लांब, मोकळ्या जागेत घड्याळ हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवलं. त्यानंतर एका जागी उभं राहून स्वतःभोवती फिरलो. बाण उत्तरेकडं राहायला हवा होता, तो घड्याळाबरोबरच फिरत राहिला. म्हणजे आतलाच एखादा भाग चुंबकित झालेला. आठ काढून सुधारत असेल तर ठीक, नाहीतर दुरुस्तीवाल्याला खरं कारण सांगून दाखवावं.

थरथर नीट होते का, स्पीकर खरखरतो का, चार्जरवर बसतं का, हेही बघून घ्या. पहिल्यांदा चार्जिंगला लावताना जवळ बसून लावा. घड्याळ चटका बसण्याइतकं तापलं किंवा काच कडेनं उचललेली दिसली तर लगेच काढा आणि पुन्हा मनगटावर घालू नका, बॅटरी फुगलेली असू शकते. पडल्यावर निरोप जाण्याची सोय त्याच घड्याळावर असेल, तर ती चालते का हे दुकानात दाखवेपर्यंत तिच्यावर विसंबू नका. आत्याच्या गळ्यात तेवढे आठ दिवस आम्ही साधा फोन दोरीला बांधून अडकवला होता, पहिल्याच आकड्यावर मुलाचा नंबर ठेवून.