कोण बोललं? विनानावाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये आवाज वेगळे काढताना

सामाजिक संशोधनातल्या गटचर्चांची रेकॉर्डिंग ऐकून ट्रान्सक्रिप्ट तयार करायचं काम मी पुण्यात घरून करते. या कामात नव्यानं येणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेकदा एकच गोष्ट येते: कुणीतरी घाईत टाइप केलेला सलग मजकूर, ना नाव ना नवी ओळ, सोबत ऑडिओ फाइल आणि "यात फक्त कोण बोललं तेवढं टाका" असा निरोप. त्या "फक्त"मध्येच सगळं काम आहे.

सगळ्यात आधी मजकूर बाजूला ठेवायचा आणि ऑडिओची सुरुवात ऐकायची. गटचर्चेच्या आरंभी ओळखीची फेरी होते. त्यातून प्रत्येकीला एक खूण द्यायची: ब१, ब२, ब३. प्रश्न विचारणारीला म. प्रत्येक खुणेपुढे वेळ लिहायची आणि आवाजाबद्दल ऐकल्याबरोबर जे वाटेल ते टिपायचं, म्हणजे 'घोगरा, वाक्य संपताना खाली जातो', 'भराभरा, माइकपासून लांब' असं काहीतरी. नुसतं नाव सांगायला सेकंदभर लागतो आणि तेवढ्यावर आवाज ओळखता येत नाही. म्हणून फील्डवर जाणाऱ्यांना मी सांगते, की नावाबरोबर "गटात कधी आलात, कशा आलात" हेही विचारा. दहा-पंधरा सेकंदांचा नमुना हाती आला की पुढचा तास सोपा जातो. टिपणं घेणाऱ्या व्यक्तीनं बसण्याचा नकाशा काढला आणि दर वेळी बोलणारीचे पहिले दोन शब्द घड्याळाच्या वेळेसह लिहून ठेवले, तर आणखी उत्तम. मात्र मध्येच कुणी मूल घेऊन बाहेर गेली आणि परत येऊन दुसरीकडे बसली, तर तेही त्या नकाशावर यायला हवं.

आता एक उतारा घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बचत गटाची चर्चा आहे, विषय कर्जाचे हप्ते. तपशील बदललेत, पण गुंता असाच असतो. टाइप होऊन आलेला मजकूर असा:

"हप्ता भरायला म्हणून मी गेलो होतो तर साहेब म्हणले उद्या या दोन तास बसवून ठेवलं मला पण तसंच झालं वहिनी म्हणाल्या तू जा घरी मी भरते शेवटी त्यांनीच भरला होय मीच भरला"

नवखी व्यक्ती पहिल्याच वाक्याला अडखळते. "मी गेलो होतो" म्हणजे कुणी पुरुष बोलतोय, दारात उभा राहिलेला नवरा असेल, असं वाटतं आणि 'अज्ञात पुरुष' अशी नोंद होते. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल "मी गेलो", "मी येतो" असंच बोलतात. त्यामुळे क्रियापदाच्या रूपावरून स्त्री की पुरुष ठरवण्याआधी तो भाग कुठला आणि ती बाई स्वतःच्या ओळखीत कसं बोलली, हे पाहावं लागतं. इथं पहिलं वाक्य बोलणारी ब४ ओळखीच्या फेरीतही "मी आलो" म्हणाली होती. उताऱ्यात शेवटी आलेलं "मीच भरला" मात्र याबाबत काहीच सांगत नाही. तिथं क्रियापद हप्त्याच्या लिंगानं चालतं, बाई बोलो की बुवा.

दुसरी जागा "दोन तास बसवून ठेवलं". वाचताना सरळ एक वाक्य दिसतं. ऑडिओत ब४ "दोन तास" म्हणत असतानाच दुसरी बाई "बसवून ठेवलं" म्हणून टाकते. आपल्या बोलण्यात क्रियापद शेवटी येतं, आणि आधीच्या शब्दांवरून त्याचा अंदाज आला की समोरच्याला ते पुरवायची घाई होते. लगेच आलेलं "मला पण" हा बदल पक्का करतं. स्वतःची हकिकत सांगत असलेली बाई मध्येच "मला पण तसंच झालं" म्हणणार नाही. म्हणजे इथं दुसरी बाई बोलतेय एवढं मजकुरावरूनच कळतं. ती नेमकी कोण आणि "बसवून ठेवलं" तिचं की पहिलीचं, हे मात्र ऑडिओशिवाय कळत नाही.

अशा ठिकाणी मी दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते आणि एका वेळी एकाच आवाजाचा पाठलाग करते. पहिल्या खेपेला फक्त ब४ ऐकायची, ती कुठं थांबते ते पाहायचं. दुसरी काय म्हणतेय याकडे तेव्हा लक्षच द्यायचं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी फक्त दुसरीच्या मागं. दोघींना एकदम ऐकायला गेलं, की जिचा आवाज मोठा तिच्या तोंडी सगळे शब्द जातात. वेग कमी करायचा मोह होतो, पण फार कमी केला की शब्द कळतात आणि आवाज सगळे सारखे वाटायला लागतात. त्यापेक्षा मूळ वेगात जास्त वेळा ऐकलेलं बरं. रेकॉर्डिंग खरोखर स्टिरिओ असेल तर हेडफोन घालून एकदा डावी बाजू आणि एकदा उजवी बाजू वेगळी ऐकावी. बसण्याच्या नकाशाची खरी किंमत तेव्हा कळते. मध्ये ठेवलेल्या फोनवरचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा मोनो असतं. मग जवळ-लांब एवढंच हाती उरतं.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मी दोघींचे तुकडे वेगवेगळे निवडते आणि `Ctrl+B` दाबून प्रत्येकावर खूण टाकते. खुणा एक्स्पोर्ट केल्या की साधी मजकुराची फाइल मिळते. सुरुवात आणि शेवट सेकंदांत असतात:

```
742.10	745.80	ब४
744.60	747.90	ब२
```

ब४ संपते ७४५.८० ला आणि ब२ सुरू होते ७४४.६० ला. म्हणजे १.२ सेकंद दोघी एकदम बोलतायत. हे आकडे जवळ असले की ट्रान्सक्रिप्टमध्ये चौकोनी कंस कुठं सुरू करायचा याबद्दल वाद राहत नाही. संभाषण-विश्लेषणात गेल जेफरसन यांची जी खूणपद्धत वापरतात, तिच्यात एकदम बोललेला भाग असाच चौकोनी कंसात दाखवतात. बाकीच्या बारीक खुणा गटचर्चेच्या कामात सहसा लागत नाहीत. हा कंस मात्र वापरावाच.

दुसरी बाई ब२ हे आवाजावरून ठरलं. त्याला दुजोरा मिळाला "वहिनी"वरून. ब२ त्याच गावची लेक, शिक्षण पुण्यात झालेलं, सध्या माहेरी राहणारी. ब५ तिच्या चुलतभावाची बायको, म्हणून ती ब५ ला वहिनी म्हणते. ब४ वयानं मोठी, ती ब५ ला नावानं हाक मारते. तेव्हा "वहिनी म्हणाल्या" हे वाक्य ब४ चं असण्याची शक्यता फारच कमी. गटात कोण कुणाला काय म्हणते याचा छोटा तक्ता चर्चा ऐकतानाच करत गेलं, की अशा जागा पटकन सुटतात. त्यात एक सावधगिरी हवी. गावात "वहिनी", "अक्का" हे शब्द नातं नसतानाही सर्रास वापरतात. म्हणून नुसत्या नात्यावरून मी कधीच निर्णय घेत नाही, आवाजाच्या जोडीला तो पुरावा म्हणून ठेवते.

मग "तू जा घरी मी भरते" हे ब५ चं का धरायचं नाही? कारण ब२ वहिनींची नक्कल करतेय. किस्से सांगताना बायका-पुरुष सगळेच आवाज बदलतात, साहेबाचा आवाज जाड काढतात, सासूचा बारीक. नुसत्या चढउतारावर गेलं तर तिथं नवी व्यक्ती उभी राहते. आवाजाची पट्टी बदलते, पण माइकपासूनचं अंतर आणि खोलीचा घुमारा बदलत नाही, हे ऐकायचं. शिवाय इथं शब्दच साक्ष देतो. वहिनी स्वतः "भरतो" म्हणणाऱ्यांतल्या, आणि उताऱ्यात आहे "भरते". ब२ नं त्यांचं वाक्य आपल्या वळणात सांगितलंय.

उलगडलेला उतारा असा झाला:

ब४: हप्ता भरायला म्हणून मी गेलो होतो तर साहेब म्हणले, "उद्या या." [दोन तास]
ब२: [बसवून ठेवलं.] मला पण तसंच झालं. वहिनी म्हणाल्या, "तू जा घरी, मी भरते." शेवटी त्यांनीच भरला.
ब५?: होय, मीच भरला.

शेवटच्या ओळीतलं प्रश्नचिन्ह मुद्दाम आहे. अर्थाप्रमाणे ती ब५ च असणार, पण आवाज लांबून आलाय आणि त्यावर भांड्यांचा खडखडाट आहे. माझ्याकडे तीन पायऱ्या असतात: खात्री असेल तर ब५, आवाज पुरेसा नाही पण बाकी पुरावा जुळतो तर ब५?, आणि काहीच धड नसेल तर ब-?. तिघी-चौघी मिळून "होय की" म्हणाल्या तर 'अनेकजणी'. त्यातली एखादी निवडून तिच्या नावावर टाकायचं नाही. तो उतारा सलग एकीचा म्हणून गेला असता, तर संशोधकाच्या तक्त्यात ताटकळलेल्या दोघींची एकच बाई झाली असती. वर तिनं स्वतःचा हप्ता स्वतःच भरला, अशी नोंदही लागली असती.

अर्थावरून माणूस ठरवायची सवय मला सगळ्यात घातक वाटते. "मघाशी बँकेवर चिडली होती ती ब३, म्हणजे हीपण तीच." असं करत गेलं की सगळी तक्रार ब३ च्या खात्यात जमा होते, आणि मग संशोधक लिहितो की गटात एकच नाराज बाई होती. नाराज कोण हेच तर ट्रान्सक्रिप्टमधून शोधायचं असतं. ते आधीच गृहीत धरून लेबलं लावली तर उत्तर आपणच घालून ठेवलेलं असतं.

काम संपलं की मजकूर एक्सेलमध्ये घेऊन खुणेप्रमाणे लावते आणि एकेकीचं सगळं बोलणं सलग वाचते. ब४ नं स्वतःच्याच बोलण्याला "होय की" म्हटलं असेल, स्वतःलाच नावानं हाक मारली असेल किंवा ब५ ला अचानक वहिनी म्हटलं असेल, तर त्या वेळेवर परत जाऊन ऐकायचं. तिचं मत मात्र मध्येच उलटलेलं दिसलं तर केवळ तेवढ्यासाठी लेबल बदलायचं नाही. परत ऐकावं जरूर, पण आवाज तिचाच असेल तर तिचंच राहू द्यावं. चर्चेत माणसं मत बदलतात, शेजारणीला दुखवायला नको म्हणून होकारही भरतात.

आणि ऑडिओच मिळाला नाही तर? तेव्हा मी फक्त बोलणारी कुठं बदलली ते दाखवते: "मला पण", प्रश्नामागून आलेलं उत्तर, हाक, अशा जागी नवी ओळ. खूण सगळीकडे ब-?. कुणी कितीही आग्रह केला तरी त्या मजकुरावर ब१, ब२ टाकून देत नाही. फाइलबरोबर अर्ध्या पानाची नोंद जोडते. कोणत्या मिनिटांत सगळ्या एकदम बोलतायत, किती ओळी प्रश्नचिन्हाच्या आहेत, कोणते दोन आवाज एकमेकींत मिसळतात, एवढंच त्यात असतं. ब१ म्हणजे कोण ही यादी वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या मेलनं जाते, कारण त्या बायकांना नाव गुप्त ठेवू असं सांगून बोलतं केलेलं असतं.