प्लेसमेंट ऑफिसरला रिझनिंगचं मटेरियल मागताना या चुका टाळा

‘सर, रिझनिंग राउंडसाठी मटेरियल पाठवा.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडची शेवटच्या वर्षाची बहुतेक मुलं एवढंच लिहितात. मग तीनशे पानांची एक पीडीएफ येते आणि ती मोबाईलमध्ये तशीच पडून राहते. यात सरांचा दोष नाही, कारण मुलगा अडलाय कुठे हे मेलमध्ये लिहिलेलंच नसतं.

मेल लिहिण्याआधी वेळ लावून एक सराव पेपर सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नांसमोर कारण लिहा. खानापूरच्या एका बी.कॉम.च्या मुलाला मी हेच करायला लावलं. ३० मिनिटांत २५ प्रश्न होते. त्याने १६ सोडवले, त्यातले ९ बरोबर आले. चुकलेल्या ७ पैकी ४ नातेसंबंधांचे निघाले. हा मुलगा घरातली नाती बिनचूक सांगतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं. कच्चा कागद पाहिला तेव्हा कारण कळलं. ‘ए हा बीचा ब्रदर-इन-लॉ’ असं वाचलं की तो ‘मेहुणा’ लिहायचा आणि बीला पुरुष धरून पुढे जायचा. पण बी बाई असेल तर ए तिचा दीरही असू शकतो. मराठीत दीर, मेहुणा, साडू हे शब्द वेगवेगळे, इंग्रजीत त्या सगळ्यांना एकच शब्द. ‘अंकल’चंही तसंच, काका की मामा ते कळत नाही. म्हणून जिथे ‘निश्चित सांगता येत नाही’ हे उत्तर होतं, तिथे त्याने ठाम नातं निवडलं होतं. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांत ही चूक मी वारंवार पाहते. तीनशे पानं वाचून ती जात नाही. नावापुढे अधिक-उणे लिहून स्त्री-पुरुष दाखवायचं आणि माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचं, एवढ्याने जाते.

उरलेले ९ प्रश्न बैठक व्यवस्थेचे होते. पहिल्याच संचात ८ मिनिटं गेल्यावर त्याने ते सोडून दिले.

दुसरी चूक म्हणजे कंपनीचा ‘खरा पेपर’ मागणं. तो सर देऊ शकत नाहीत, आणि मेलची सुरुवातच नकाराने होते. तिसरी चूक म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिणं. निदान दोन आठवडे हाती हवेत.

त्या मुलाचा मेल शेवटी असा झाला. सर कन्नडभाषक असल्याने त्याने तो इंग्रजीत पाठवला, मजकूर हाच:

‘विषय: रिझनिंग सराव, नातेसंबंध व बैठक व्यवस्था, बी.कॉम. अंतिम वर्ष

आदरणीय सर, माझी परीक्षा १८ दिवसांवर आहे. सराव पेपरात २५ पैकी ९ बरोबर आले. नातेसंबंधांत ‘इन-लॉ’ आणि ‘अंकल’ असलेले प्रश्न चुकतात. बैठक व्यवस्थेत वेळ संपतो. या दोन प्रकारांचे, पायऱ्यांसह उत्तरं असलेले २०-२० प्रश्न मिळतील का? कच्च्या कागदाचा फोटो जोडला आहे. हे सोडवून पुढच्या सोमवारी गुण कळवतो.’